कचेरीच्या पत्रातली विरामचिन्हे

नगरपरिषदेत, तहसील कार्यालयात किंवा वीज कंपनीच्या उपविभागात आपण दिलेले पत्र आधी आवक-जावक शाखेत जाते. तिथे त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक पडतो, नोंदवहीत आपले नाव व पत्राचा विषय उतरवला जातो आणि मग ज्याच्या टेबलाचे ते काम, त्या लिपिकाकडे पत्र पोचते. साहेबांपुढे ते सहसा एकटे जात नाही. लिपिक आधी ते वाचतो आणि नस्तीत टिप्पणी लिहितो : अर्जदार कोण, त्याचे म्हणणे काय, कार्यालयाने त्याला पूर्वी काय कळवले होते, आता त्याची मागणी काय. निर्णय बहुतेक वेळा त्या टिप्पणीवर होतो. आपले शब्द असे एकदा दुसऱ्याच्या हातून उतरतात, आणि पत्रातला एखादा पूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह जागेवर नसेल, तर अर्थाची गफलत नेमकी या उतरवण्यात होते.

हे कसे होते, ते एका पत्रावरून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका गृहस्थांना पाणीपट्टीचे देयक नेहमीपेक्षा फार मोठे आले. त्यांनी चौकशी केली, कार्यालयाचे लेखी उत्तर आले, ते त्यांना पटले नाही आणि त्यांनी पुन्हा पत्र लिहिले. त्यांच्या पत्राचा मजकूर असा :

महोदय माझा ग्राहक क्र ४१७ असून माझे पाणीपट्टीचे देयक रु ४८६० आले असून मी दि ८ जुलै रोजी अर्ज दिला असता मीटर नादुरुस्त असल्याने सरासरी देयक आकारण्यात आले आहे असे कळवले परंतु मीटर चालू आहे व दर आठवड्याला आकडा बदलतो त्याची छायाचित्रे जोडली आहेत तरी मीटरची तपासणी करून देयक दुरुस्त करून मिळावे व विलंब आकार लावू नये ही विनंती

भाषा सभ्य आहे, शुद्धलेखनही बरे आहे, सांगायचे ते सगळे आले आहे. तरीही हे पत्र अर्जदाराच्या विरोधात वाचले जाऊ शकते. दिवसभरात अशी कितीतरी पत्रे चाळणाऱ्या लिपिकाची नजर ‘मीटर नादुरुस्त असल्याने’ या शब्दांवर पडते आणि तो टिप्पणीत लिहितो : अर्जदाराचा मीटर नादुरुस्त असून सरासरीने आलेले देयक कमी करण्याची त्याची विनंती आहे. अर्जदाराचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. ‘मीटर नादुरुस्त’ हे शब्द कार्यालयाचे होते; अर्जदार ते खोडून काढत होता. पण ते कोणाचे, हे पत्रात उघड दिसत नव्हते.

यामागे मराठी वाक्याची घडण आहे. आपल्याकडे दुसऱ्याचे बोलणे आधी येते आणि ‘असे कळवले’, ‘असे म्हटले आहे’ हे शब्द मागाहून येतात. वाचणारा ‘असे’ या शब्दापर्यंत पोचेपर्यंत त्याला कळत नाही, की आतापर्यंत वाचलेले लिहिणाऱ्याचे मत नव्हते. घरगुती पत्रात याने काही बिघडत नाही, कारण वाचणारा माणूस आणि प्रसंग दोन्ही ओळखत असतो. कचेरीतल्या माणसाला तो संदर्भ नसतो. म्हणून दुसऱ्याचे शब्द जिथे सुरू होतात तिथेच खूण करावी लागते, आणि ती खूण म्हणजे उघडे अवतरणचिन्ह. तेच वाक्य आता असे होते :

आपल्या दि. १२ जुलै २०२४ च्या पत्रात, “मीटर नादुरुस्त असल्याने सरासरी देयक आकारण्यात आले आहे,” असे म्हटले आहे.

आता हे शब्द कोणाचे, यावर शंका उरत नाही. कार्यालयाच्या पत्राचा उल्लेख आधी आला आहे, उद्धृत मजकुराच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हे आहेत आणि पुढचे वाक्य ‘मात्र’ने सुरू केले, की अर्जदाराचे म्हणणे वेगळे उभे राहते.

शाळेत आपण शिकतो, की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर दुहेरी अवतरणचिन्ह द्यावे. पत्रव्यवहारात या ‘जसेच्या तसे’ला फार वजन आहे. दुहेरी चिन्हात घातलेला मजकूर म्हणजे ‘हे शब्द तुमच्याच कागदावर आहेत, ताडून पाहा,’ असे आपण कार्यालयाला सांगत असतो. म्हणून तो मूळ कागद समोर ठेवूनच उतरवावा. मुळात ‘आकारण्यात आले आहे’ असेल, तर ‘आकारले आहे’ असे करू नये. मुळात ऱ्हस्वदीर्घाची चूक असली, तरी ती सुधारू नये. मधला भाग गाळायचा असेल, तर गाळलेल्या जागी तीन टिंबे द्यावीत, आणि गाळल्यामुळे अर्थ बदलत नाही ना, हे पाहावे. उद्धृताच्या आत आणखी एक उद्धृत आले, तर आतल्याला एकेरी चिन्ह द्यावे.

याच कारणाने खिडकीवर तोंडी ऐकलेले वाक्य अवतरणात घालू नये. ‘तुमचा मीटर बंद आहे, पैसे भरावेच लागतील,’ असे कोणीतरी म्हणाले असेल. पण त्याचे नेमके शब्द तेच होते, हे आपण दाखवू शकत नाही. आपण ते दुहेरी चिन्हात लिहिले आणि समोरच्याने ‘मी असे म्हणालोच नाही,’ म्हटले, की चर्चा देयकावरून उठून त्या वाक्यावर जाते. अशा वेळी ‘मीटर बंद असल्याचे मला दि. ८ जुलै रोजी कार्यालयात तोंडी सांगण्यात आले,’ असे आपल्या शब्दांत लिहावे. इथे अवतरणाची गरज पडत नाही, कारण ‘मीटर बंद असल्याचे’ ही रचनाच मजकूर दुसऱ्याचा आहे हे सांगते. ‘मीटर बंद आहे असे’ऐवजी ‘मीटर बंद असल्याचे’ लिहिणे हा चिन्हाशिवायही अर्थ सुरक्षित ठेवण्याचा मराठीतला चांगला मार्ग आहे.

उद्धृत वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा की स्वल्पविराम, आणि तो अवतरणाच्या आत की बाहेर, हा प्रश्न अनेकांना पडतो. मराठीत उद्धृतानंतर ‘असे म्हटले आहे’ येत असल्याने आपले वाक्य अजून संपलेले नसते. त्यामुळे तिथे पूर्णविराम दिला, तर वाक्याच्या मध्येच थांबा पडतो. पूर्ण वाक्य उद्धृत केले असेल, तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा, तो अवतरणाच्या आत ठेवावा आणि मग चिन्ह बंद करून ‘असे’ लिहावे. मराठी छपाईत ही पद्धत रुळलेली आहे. दोन-चार शब्दांचाच तुकडा उचलला असेल, तर कुठलेच विरामचिन्ह लागत नाही : आपल्या पत्रातील “सरासरी देयक” या शब्दांचा खुलासा व्हावा. उद्धृत मजकूर वाक्याच्या अगदी शेवटी येत असेल आणि तो स्वतः पूर्ण वाक्य असेल, तर पूर्णविराम आत ठेवावा आणि बाहेर दुसरा देऊ नये.

एकेरी अवतरणचिन्हाचे काम वेगळे आहे. एखादे नाव किंवा शब्द भोवतालच्या मजकुरापासून वेगळा दाखवायला ते वापरतात. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेचा संदर्भ देताना ‘केसरी’च्या अमुक तारखेच्या अंकातील सूचना, असे आपण लिहितो. इथे मराठी प्रत्ययांचा प्रश्न येतो. प्रत्यय अवतरणाच्या बाहेर, पण चिन्हाला चिकटून लिहितात : ‘केसरी’तील, ‘केसरी’मध्ये. ईकारान्त नावाला हे सहज जमते. पण ‘स्थळपाहणी अहवाल’ असे नाव असेल आणि त्याला ‘त’ लावायचा असेल, तर मूळ नाव बदलून ‘अहवाला’ होते आणि अवतरणाच्या आत काय ठेवावे, ही अडचण पडते. तिथे प्रत्यय नावाला लावूच नये; ‘स्थळपाहणी अहवाल’ या कागदात, असे लिहावे. मूळ नाव अखंड राहते आणि प्रत्यय पुढच्या शब्दावर जातो.

जोर देण्यासाठी मात्र कचेरीच्या पत्रात अवतरण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आपल्या कार्यालयाने केलेली ‘तपासणी’ योग्य नाही,’ या वाक्यात तपासणी हा शब्द अवतरणात गेला, की तपासणी झालीच नाही, असा त्याचा सूर लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित फक्त तो शब्द ठळक करायचा असेल. वाचणारा ते टोमणा म्हणून घेतो. तपासणी झाली नाही, असे म्हणायचे असेल, तर तसे सरळ वाक्य लिहावे. कायद्यांच्या नावांनाही अवतरण लागत नाही. त्यांत लागतो तो वर्षापूर्वीचा स्वल्पविराम : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(१) अन्वये अर्ज.

आता पूर्णविराम. वरच्या पत्रात तो एकदाही आलेला नाही, आणि हे त्या गृहस्थांच्या एकट्याचे नाही. मराठी कचेरीच्या भाषेला अखंड वाक्याची जुनी सवय आहे. मोडी पत्रांत विरामचिन्हे नव्हती आणि शब्दही सुटे लिहीत नसत. हात न उचलता ओळ लिहिली जाई आणि मुद्दा बदलला, हे ‘त्यास’, ‘ऐशियास’ अशा शब्दांनी कळे. पत्र संपले, हे ‘बहुत काय लिहिणे’ने कळे. आज आपण वापरतो ती चिन्हे इंग्रजी अमलात आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढून ती मराठीत समजावून दिली. चिन्हे आली, पण ‘असून’, ‘असता’, ‘सबब’, ‘तरी’ यांनी वाक्य पुढे ढकलत राहण्याची धाटणी कचेरीतून गेली नाही, आणि नागरिकांनीही तीच उचलली. त्या जुन्या लेखकांकडे ठरलेले शब्द होते आणि वाचणाऱ्या कारकुनांना ते सरावाचे होते. आपल्या पत्रात ते शब्दही धड नसतात आणि पूर्णविरामही नसतो.

पूर्णविराम कुठे द्यावा, याचे उत्तर मराठीत सोपे आहे, कारण आपले वाक्य क्रियापदावर संपते. पत्रातली प्रत्येक वेगळी गोष्ट आपापल्या क्रियापदापर्यंत नेऊन तिथे थांबावे. वरच्या मजकुरात चार गोष्टी आहेत : अर्जदाराची ओळख, घडलेली घटना, त्याचे म्हणणे आणि त्याची मागणी. या चारही एकाच वाक्यात गुंफल्या, तर टिप्पणी लिहिणाऱ्याला त्या सोडवून काढाव्या लागतात. निदान दोन जागी तरी पूर्णविराम चुकवू नये. घटना संपून आपले म्हणणे सुरू होते, तिथे एक. आणि म्हणणे संपून ‘तरी’ किंवा ‘म्हणून’ने मागणी सुरू होते, त्याच्या आधी दुसरा. मागणीचे वाक्य स्वतंत्र परिच्छेदात घेतले, तर लिपिकाला ते शोधावे लागत नाही. ‘असून’ वापरायला हरकत नाही. एका वाक्यात एकच असावा, एवढे पाळावे.

हिंदीचा सराव असलेल्यांच्या हातून वाक्याच्या शेवटी कधी कधी उभा दंड पडतो. मराठी गद्यात पूर्णविराम म्हणजे टिंब. दंड आपल्याकडे ओव्या-अभंगांत आणि श्लोकांत राहिला आहे. मोबाइलच्या काही कळफलकांवर दंडाची कळ हाताशी असते, म्हणून पत्र छापण्यापूर्वी एकदा तेवढे पाहून घ्यावे.

संक्षेपाचे टिंबही पूर्णविरामासारखेच दिसते. ‘श्री.’, ‘डॉ.’, ‘मा.’, ‘क्र.’, ‘दि.’, ‘रु.’, ‘ता.’, ‘जि.’ यांना ते हवे, कारण हे तोडलेले शब्द आहेत किंवा तसे मानले जातात. ‘श्रीमती’ हा पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नको. ‘दिनांक’ किंवा ‘क्रमांक’ पुरा लिहिला, तर त्यालाही नको. वाक्याचा शेवट संक्षेपावर आला, जसे ‘सकाळी १०.३० वा.’, तर एकच टिंब दोन्ही कामे करते. टिंबांनी तोडलेली तारीख, म्हणजे ०५.०७.२०२४, वाक्याच्या पोटात घोटाळा करते. महिन्याचे नाव लिहून ‘५ जुलै २०२४’ केले, की प्रश्न मिटतो. आणि विषयाच्या ओळीत ‘मिळण्याबाबत’नंतर सात-आठ टिंबांची रांग देण्याची जी पद्धत पडली आहे, तिला काही अर्थ नाही. एक टिंब पुरे.

स्वल्पविरामाकडे वळताना पत्राच्या पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तो सगळ्यात जास्त येतो. ‘प्रति,’नंतर, पदनामानंतर, कार्यालयाच्या नावानंतर स्वल्पविराम आणि गावाच्या नावानंतर पूर्णविराम, ही शाळेपासूनची रीत आहे. हल्ली संगणकावर लिहिलेल्या पत्रांत ओळीअखेरची चिन्हे गाळतात. ओळी सुट्या असल्याने त्यातही अर्थ बिघडत नाही. पण अर्ध्या ओळींना चिन्ह आणि अर्ध्यांना नाही, असे करू नये. ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ यांच्यापुढे मात्र स्वल्पविराम हवाच. खालच्या नावापुढे काही नको.

अर्थाला खरा धोका एकाच ओळीत अनेक कार्यालये लिहिताना होतो. पत्त्यात स्वल्पविराम दोन पायऱ्या जोडतो : ‘मुख्याधिकारी, नगरपरिषद’ म्हणजे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. यादीत तोच स्वल्पविराम दोन वेगळ्या गोष्टी सुट्या करतो. आता ‘प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, सातारा’ ही ओळ वाचा. लिहिणाऱ्याला दोन ठिकाणी प्रत पाठवायची आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात एक आणि जिल्हा परिषदेत एक. वाचणाऱ्याला एकच पत्ता दिसतो, आणि तोही नसलेला, कारण जिल्हाधिकारी जिल्हा परिषदेत बसत नाहीत. इथे कुठलाही स्वल्पविराम उपयोगी पडत नाही. प्रत्येक कार्यालय वेगळ्या ओळीवर, क्रमांक घालून लिहावे, हाच उपाय.

सोबतच्या कागदांची यादीही अशीच फसवते. ‘सोबत मागील देयक, भरणा पावती व मीटरच्या छायाचित्राची प्रत जोडली आहे.’ मूळ देयक जोडले की त्याची प्रत? ‘ची’ हा प्रत्यय फक्त शेवटच्या नावाला लागला आहे. मराठीत याला ‘यांच्या’ हा हुकमी शब्द आहे : ‘मागील देयक, भरणा पावती व मीटरचे छायाचित्र यांच्या प्रती जोडल्या आहेत.’ स्वल्पविरामांनी तीन नावे सुटी ठेवली आणि ‘यांच्या’ने ती एकत्र बांधली. यादीतल्या शेवटच्या दोन नावांमध्ये ‘व’ किंवा ‘आणि’ आला, की त्याच्या आधी स्वल्पविराम लागत नाही.

वाक्याच्या आत स्वल्पविराम कुठे द्यावा, याबद्दल खूप नियम सांगितले जातात. पत्रासाठी मी दोनच सांगेन. पहिला असा, की जोडवाक्याचा सांधा दिसला पाहिजे : ‘जर... , तर’, ‘ज्या दिवशी... , त्या दिवशी’, आणि ‘परंतु’, ‘पण’, ‘म्हणून’ यांच्या आधी. दुसरा नियम कर्त्याचा. मराठीत ‘करून’, ‘घेऊन’ यांसारख्या रूपांचा कर्ता सहसा वाक्याचाच कर्ता असतो, म्हणून ‘मी पावती घेऊन कार्यालयात गेलो’ यात कुठे थांबायची गरज नाही. पण ‘असता’, ‘असल्याने’, ‘झाल्यावर’ यांच्यानंतर कर्ता बदलू शकतो, आणि तो बदलतो तिथे स्वल्पविराम द्यावा : ‘मी दि. ८ जुलै रोजी अर्ज दिला असता, कार्यालयाने दि. १२ जुलै रोजी उत्तर पाठवले.’ कोणी काय केले, हा कचेरीच्या पत्रातला कळीचा प्रश्न असतो आणि हा एक स्वल्पविराम तो सोडवतो.

कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये उगाच चिन्ह टाकू नये. ‘माझे मोठे बंधू दत्तात्रय यांच्या नावे नळजोडणी आहे,’ यात ‘दत्तात्रय’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देण्याची सवय इंग्रजी पत्रांवरून आलेली आहे. ‘यांच्या’ने तो संबंध आधीच दाखवला आहे.

‘की’बद्दल वाद आहे. ‘विनंती करण्यात येते की,’ असा स्वल्पविराम सरकारी पत्रांत सर्रास ‘की’च्या नंतर दिसतो. व्याकरणाच्या दृष्टीने ‘की’ हे पुढच्या वाक्याचे तोंड आहे, म्हणून चिन्ह त्याच्या आधी पडायला हवे : ‘आपणांस कळवू इच्छितो, की...’ मी आधी देतो. तुम्ही नंतर दिलात, तर कोणाचाही गैरसमज होणार नाही. दोन्हीकडे मात्र देऊ नका.

आकड्यांतला स्वल्पविराम आपल्या मोजणीप्रमाणे पडतो : ४,८६० आणि १,४८,६००. तो रकमेत द्यावा. ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक, पिनकोड आणि वर्ष यांत देऊ नये, कारण हे आकडे जसेच्या तसे टंकून शोधले जातात. रकमेपुढे ‘/-’ काढण्याची प्रथा मागे आणखी आकडा घालता येऊ नये म्हणून आहे. पण ‘रु. ४,८६०/- चे देयक’ वाचायला अडखळते. मजकुरात ‘४,८६० रुपयांचे देयक’ लिहावे.

या सगळ्यानंतर त्या गृहस्थांचे पत्र असे होईल :

दि. २३ जुलै २०२४

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय,
(गावाचे नाव).

विषय : पाणीपट्टीचे देयक दुरुस्त करून मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. १२ जुलै २०२४.

महोदय,

माझ्या घरी नगरपरिषदेची नळजोडणी असून तिचा ग्राहक क्रमांक ४१७ आहे. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीचे ४,८६० रुपयांचे देयक मला दि. ५ जुलै रोजी मिळाले. त्याबाबत मी दि. ८ जुलै रोजी अर्ज दिला असता, आपल्याकडून संदर्भीय पत्र आले. त्यात, “मीटर नादुरुस्त असल्याने सरासरी देयक आकारण्यात आले आहे,” असे म्हटले आहे.

मात्र मीटर चालू आहे. त्यावर दि. १५ जुलै रोजी ३१२ आणि दि. २२ जुलै रोजी ३१६ असा आकडा होता. दोन्ही दिवशी घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

तरी मीटरची तपासणी करावी, त्यावरील आकड्यांप्रमाणे देयक दुरुस्त करावे आणि सुधारित देयक मिळेपर्यंत विलंब आकार लावू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
(नाव व पत्ता)

पत्र थोडे लांबले आहे, पण टिप्पणी लिहिणाऱ्याचे काम निम्म्याने कमी झाले आहे. कार्यालयाचे शब्द अवतरणात वेगळे आहेत. ‘मात्र मीटर चालू आहे’ हे चार शब्दांचे वाक्य पूर्णविरामाने स्वतंत्र झाल्याने ते चुकून निसटणार नाही. तीन मागण्या स्वल्पविरामांनी सुट्या झाल्या आहेत, त्यामुळे एकीचे उत्तर आले आणि दोन राहिल्या, तर त्यांवर बोट ठेवून पुन्हा विचारता येते. मूळ मजकुरात ‘करून’ने जोडलेल्या तपासणी आणि दुरुस्ती या एकच मागणी वाटत होत्या, तपासणी झाली, की काम संपले, असे म्हणायला तिथे वाव होता.

एका गोष्टीला विरामचिन्हे पुरी पडत नाहीत. शब्दांचा क्रमच चुकला असेल, तर स्वल्पविरामाने तो सावरत नाही. ‘आपल्या कर्मचाऱ्याने मी घरी नसताना आलेल्या मीटरची नोंद घेतली नाही,’ या वाक्यात कुठेही चिन्ह द्या, मीटरच घरी आला, असा अर्थ राहतोच. असे वाक्य मोडून नव्याने लिहावे : ‘मी घरी नसताना आपले कर्मचारी आले होते. त्यांनी मीटरवरील आकड्याची नोंद घेतली नाही.’ एखाद्या वाक्यात तीन-चार स्वल्पविराम घालूनही ते नीट वाचता येत नसेल, तर दोष चिन्हांचा नाही, रचनेचा आहे, हे ओळखावे.

टंकताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. स्वल्पविराम आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि त्यांच्यानंतर एक जागा सोडतात. आधी जागा सोडली, तर ओळ संपताना चिन्ह एकटेच खालच्या ओळीवर उतरते. ‘विषय’पुढच्या अपूर्णविरामाआधी मात्र मराठीत जागा सोडतात, नाहीतर तो विसर्ग वाटतो आणि ‘विषयः’ असे वाचले जाते. आणि इंचासाठी अवतरणचिन्ह वापरू नये. ‘अर्धा इंची नळ’ असे अक्षरात लिहावे.

पत्र तयार झाले, की ते मोठ्याने वाचा, किंवा विषय ठाऊक नसलेल्या घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि ‘मीटर बंद आहे, असे कोण म्हणते?’ यासारखा एकच प्रश्न विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर तिथे चिन्ह कमी आहे किंवा चुकले आहे. पेनाने दुरुस्ती केलीत, तर तिच्याशेजारी छोटी सही करा, आणि तीच दुरुस्ती पोच घेण्यासाठी नेलेल्या दुसऱ्या प्रतीवरही करा. पुढे वरिष्ठांकडे दाद मागायची वेळ आली, तर आवक क्रमांकाचा शिक्का असलेली ती प्रतच तुमच्याजवळचा पुरावा असते.